मदत हवी आहे : अंदाजच नसलेल्या कामांचे तास कसे धरायचे?

आमचं बिलिंग सॉफ्टवेअर 1 एप्रिलला चालू व्हायलाच हवं, कारण नव्या आर्थिक वर्षाची बिलं त्यातूनच निघणार. तारीख हलणार नाही. 60 कामं बाकी आहेत. त्यातल्या 22 कामांचा अंदाज मिळून 88 तास, म्हणजे सरासरी 4. उरलेल्या 38 कामांसमोरचा रकाना कोराच. कामांची नोंद ठेवणारं जिरा सॉफ्टवेअर त्यांना शून्य धरतं आणि उरलेल्या तासांचा आलेख मस्त उतरताना दिसतो, साहेब खूश!

कोऱ्या कामांनाही 4 तास धरले तर एकूण 240 होतात. चौघांचे, तीन आठवड्यांचे, रोज खरे 5 तास धरून हाताशी 300 आहेत, म्हणजे जमतं. पण झालेल्या कामांची टाइमशीट बघितली, तर अंदाज न दिलेली कामं सरासरी 7 तास खाऊन गेलीत. त्या हिशेबाने 354 होतात. साहजिकच आहे म्हणा, जे नीट कळलेलं नसतं त्यालाच कोणी आकडा देत नाही.

38 पैकी 8 कामं चिठ्ठ्या टाकून निवडावीत आणि फक्त त्यांचाच चौघांनी बसून अंदाज काढावा, असा विचार आहे. एवढ्या नमुन्यावर भरवसा ठेवता येईल का? डेटा मायग्रेशनसारखं एखादंच अवाढव्य काम त्यात आलंच नाही तर? अशी कामं आधीच वेगळी काढता का? आणि कामांना कात्री आत्ताच लावावी की आठवडाभर वेग बघून?