मदत हवी आहे: सँकी आकृतीच्या फोटोत पट्ट्यांची बेरीज जुळेना

राजेहो, चंद्रपूरकडच्या गावात पोरांना कोळशाच्या वीजकेंद्राची सँकी आकृती शिकवतोय, म्हणजे ज्यात पट्ट्याची रुंदी किती ऊर्जा कुठं जाते ते दाखवते. फलकाच्या फोटोत एकच आकडा वाचता येतो: कोळसा १००. म्हणून प्रिंटवर पट्टी लावली. कोळशाचा पट्टा ५० मिमी, म्हणजे १ मिमीला २ एकक. पुढे धुराड्याची उष्णता ५ मिमी, कंडेन्सरची २४, उजव्या टोकाला वीज १६. बेरीज ४५ मिमी, ५० नाही! चौथा फाटा तर नाहीच.

फोटो डावीकडून तिरपा काढलाय. फलकाची चौकट डावीकडे १२० मिमी, उजवीकडे ९६ भरते. त्या प्रमाणात वीज २० होते, म्हणजे ४० एकक. हे बरोबर का? आणि कंडेन्सरचा पट्टा खाली वळतो, तिथं आडवी रुंदी मोजली. ती वळणाआधी, फाटा फुटतो तिथं उभी मोजायला हवी होती का?