मदत हवी आहे: दोन्ही मुली सात वर्षांच्या, तरी मर्कॅप्टोप्युरिनचा डोस वेगळा का?

मुलीचा मामा
माझ्या भाचीवर रक्ताच्या कर्करोगासाठी (ए.एल.एल.) उपचार चालू आहेत. तिला ५० मिलिग्रॅमच्या मर्कॅप्टोप्युरिनच्या आठवड्याला पाच गोळ्या दिल्या आहेत, तर वॉर्डातल्या तिच्याच वयाच्या मैत्रिणीला सहा. ताईला वाटते की हिला औषध कमी पडते आहे. रुग्णालयाच्या फार्मासिस्टना विचारले, तेव्हा त्यांचा असा संदेश आला: "डोस वयावर नसून उंची आणि वजन यांवरून काढलेल्या शरीराच्या पृष्ठफळावर आहे. कृपया घरी गोळ्या वाढवू नका." यात उंची कशाला हवी, हे कोणी समजावून सांगेल का? भाचीची उंची १०८ सें.मी. आणि वजन १७ किलो आहे. मैत्रिणीची उंची १२० आणि वजन २२.

अनुभवी पालक
लहान मुलांचे औषध किलोवर असते, उंचीचा त्यात काही संबंध नसतो. पॅरासिटामॉल आम्ही किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबानेच देतो.

औषधशास्त्र
पॅरासिटामॉलपुरते आपले बरोबर आहे, पण या औषधाला तो हिशेब लावत नाहीत. उंची आणि वजन यांच्या गुणाकाराला ३६०० ने भागून वर्गमूळ काढले, की पृष्ठफळ चौरस मीटरमध्ये मिळते. भाचीचे ०.७१ आणि मैत्रिणीचे ०.८६ येते. चौरस मीटरला रोज ५० मिलिग्रॅम धरले, तर भाचीला रोज सुमारे ३६, म्हणजे आठवड्याला २५० मिलिग्रॅम, अर्थात पाच गोळ्या, आणि मैत्रिणीला सुमारे ३००, म्हणजे सहा. आता किलोमागे पाहा: भाचीला सुमारे २.१ मिलिग्रॅम मिळते आणि मैत्रिणीला १.९५. गोळ्या कमी असूनही किलोमागे भाचीलाच थोडे जास्त मिळते आहे, कारण लहान शरीर वजनाच्या मानाने औषध लवकर निकालात काढते. नुसत्या किलोवर मोजले असते, तर तिला खरोखरच कमी पडले असते.

हा आकडा मात्र फक्त सुरुवातीचा असतो. पांढऱ्या पेशी फार उतरल्या, तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा काही दिवस थांबवतात. काही मुलांच्या शरीरात जनुकीय कारणाने हे औषध साचते, त्यांना पृष्ठफळ तेवढेच असूनही बरेच कमी द्यावे लागते.

सुनीताकाकू
माझ्या सासूबाईंची रक्तदाबाची गोळी वय ऐंशी झाल्यावर अर्धी केली, म्हणजे वय पाहतातच की.

औषधशास्त्र
काकू, त्या वयात मूत्रपिंडे मंदावतात आणि रक्तदाब फार उतरण्याचा धोका असतो, म्हणून बहुधा ते केले असावे. इथला प्रश्न वेगळा आहे.

मुलीचा मामा
मनापासून आभार. ताईला हा हिशेब वाचून दाखवला. एक शंका उरली आहे: स्टिरॉइडच्या दिवसांत भाचीचे वजन दोन किलोंनी वाढते, सूज उतरली की परत कमी होते. मग पृष्ठफळ कोणत्या वजनावर काढावे?

औषधशास्त्र
याबाबत प्रत्येक केंद्राची पद्धत वेगळी असू शकते, त्यामुळे मी इथून आकडा सांगणार नाही. पुढच्या भेटीत तिची उंची आणि वजन पुन्हा मोजून घ्या, आणि डोस कोणत्या तारखेच्या वजनावर काढला आहे ते फार्मासिस्टनाच विचारा.