स्वीप-इन एफडी की साधं बचत खातं? तुमचे अनुभव लिहा

खिडकी_क्रमांक_चार
काल माळा आवरताना बाबांची जुनी पासबुकं सापडली, २००४ ते २००९ ची. प्रत्येक महिन्यात ८ किंवा ९ तारखेला भरणा आणि काढलेले पैसे सगळे १-२ तारखेला. आईला विचारलं तर हसायलाच लागली. तेव्हा बचत खात्याचं व्याज १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंत जी सगळ्यात कमी शिल्लक असेल तिच्यावर मिळायचं, म्हणून बाबा ९ ला धावत बँकेत जायचे, आणि एकदा २६ तारखेला माझ्या सायकलसाठी आईने पैसे काढले तर चार दिवस घरात अबोला. २०१० च्या एप्रिलपासून रोजच्या शिल्लकीवर व्याज सुरू झालं, पण बाबांनी सवय काही सोडली नाही.

तर हे आठवलं कारण माझ्याकडे आत्ता साडेतीन लाख साध्या सेव्हिंगला अडीच टक्क्याने लोळत पडलेत. एक लाख लेकीच्या फीला जाणार पण कधी ते कॉलेज सांगत नाही, यादी लागली की चार दिवसांत भरा म्हणतात. बाकीचं बहुतेक वर्षभर लागणार नाही. बँकेतली मुलगी म्हणते स्वीप लावा काका. ज्यांनी लावलंय त्यांनी खरं काय झालं ते लिहा, जाहिरात नको.

पुरणपोळी_विथ_दूध
लावा लावा. मी ३ वर्षं झाली लावलंय, काही कळत पण नाही. पासबुक मात्र वाचता येत नाही आता, इकडून तिकडे इतक्या एंट्र्या की सासूबाईंना वाटलं खातं हॅक झालं

एसटी_स्टँड
दहा तारखेचं आमच्याकडे पण होतं!! आजोबा तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर १० ला लाल गोल करायचे, आम्हाला वाटायचं संकष्टी आहे

मी_कल्याणकर
आमच्या सोसायटीचा मेंटेनन्स पण १० लाच असतो. सॉरी अवांतर

सुटी_नाणी
बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली बरीच ठेवींच्या टेबलावर, म्हणून जरा लांबलचक लिहितो. पहिलं म्हणजे हे दोन वेगळे प्रकार एकाच नावाने खपवतात. एकात तुमची आधीची एफडी खात्याला जोडतात, चेक आला आणि खात्यात कमी पडले तर एफडीतून ओढून घेतात. दुसऱ्यात ठरलेल्या रकमेच्या वर जे साठेल त्याची आपोआप एफडी होते आणि लागलं की मोडते. बऱ्याच बँकांत दोन्ही एकत्र असतं पण सगळीकडे नाही, तेव्हा त्या मुलीला आधी हे विचारा.

आता तुमचेच आकडे घेऊ. समजा ५० हजार खात्यात राहिले आणि ३ लाखांची एक वर्षाची एफडी झाली साडेसहा टक्क्याने (दर बँकेगणिक बदलतात, मी सोयीचे धरतोय). त्यातले २ लाख वर्षभर हलले नाहीत तर साधारण १३,३०० व्याज. तेच सेव्हिंगला ५ हजार. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं.

खरी गोम फीच्या एका लाखात आहे. समजा यादी वीस दिवसांतच लागली. मुदतीआधी मोडलं की तुम्हाला साडेसहा मिळत नाहीत, पैसे जितके दिवस राहिले तितक्या दिवसांचा जो दर असतो तो मिळतो, वर दंड कापतात, अर्धा किंवा एक टक्का. वीस दिवसांचा दर ३ टक्के धरला आणि दंड एक टक्का, तर हातात २ टक्के. म्हणजे ११० रुपये. सेव्हिंगला पडून राहिले असते तर १३७ मिळाले असते. २७ रुपयांचं नुकसान. यादी तीन महिन्यांनी लागली तर चित्र उलटं, दर साडेचार आणि दंड अर्धा टक्का धरला तरी हातात चार टक्के म्हणजे ९८६, आणि सेव्हिंगला ६१६. आणि सात दिवसांच्या आत मोडली तर व्याज शून्य, हे मात्र सगळीकडे.

थोडक्यात तुमच्या बाबतीत बुडाले तर वडापावाचे पैसे बुडतील.

खिडकी_क्रमांक_चार
दादा हे असं कुणी सांगितलंच नव्हतं. २७ रुपयांसाठी मी दोन महिने विचार करतोय!

घाटावरची_मीनल
वडापाव २७ ला कुठे मिळतो पत्ता द्या आधी 😂

सुटी_नाणी
आमच्या गल्लीत २० ला आहे, चटणी वेगळी मागावी लागते

पगार_पाच_तारखेला
माझा अनुभव उलटा आहे म्हणून लिहितो. पगाराच्या खात्याला स्वीप लावलं होतं, ५ ला पगार यायचा, ६ ला ४० हजाराची एफडी व्हायची, ७ ला घराचा हप्ता, १० ला एसआयपी, १५ ला क्रेडिट कार्ड, की महिना संपेपर्यंत सगळी मोडून खलास. वर्षभराचं व्याज बघितलं तर जवळपास सेव्हिंगइतकंच. ज्याचे पैसे येतात आणि जातात त्याला यात काही नाही, ज्याचे पैसे झोपतात त्यालाच फायदा.

पुरणपोळी_विथ_दूध
झोपतात हे भारीच. आमचे तर पैसे जागेच असतात

कागदी_होडी
मोडताना कुठली एफडी आधी मोडते ते पण विचारा. माझ्या तीन होत्या, सगळ्यात जुनीला अकरा महिने झाले होते आणि बँकेने तीच मोडली, महिनाभरात पिकणार होती! लाखाच्या पावतीवर नऊशेच्या आसपास गेले. वर हप्ता होता फक्त साडेतीन हजारांचा पण मोडली अख्खी पावती. मॅनेजर म्हणाले सिस्टीम तशीच आहे मॅडम

सुटी_नाणी
हे दोन प्रश्न लिहूनच न्या. एक, शेवटची आलेली आधी मोडते की पहिली? शेवटची आधी मोडली तर तुमची जुनी ठेव शांत बसते, कागदी होडींना जे झालं ते होत नाही. काही ठिकाणी हे अर्जावर निवडता येतं पण कुणी विचारत नाही. दोन, हजार हजारच्या तुकड्यात मोडते की पूर्ण पावती? पूर्ण मोडणारी असेल तर ३ लाखांची एकच करू नका, पन्नास-पन्नासच्या सहा करा.

आयकर_घाबरट
स्वीपचा मोठा फायदा कुणी लिहिलाच नाही, ते सेव्हिंग खातंच धरतात त्यामुळे टीडीएस लागत नाही आणि १० हजारापर्यंत व्याज माफ

नोंदवही
नाही हो. सेव्हिंगच्या व्याजावर टीडीएस नाही हे बरोबर पण स्वीपमधलं व्याज एफडीचंच धरतात. एका बँकेत वर्षाला ५० हजाराच्या वर व्याज गेलं की १० टक्के कापतात, ज्येष्ठांना १ लाखाच्या वर (एप्रिल २०२५ पासून). आणि ती १० हजाराची वजावट फक्त जुन्या पद्धतीत आणि फक्त बचत खात्याच्या व्याजाला. मी दोन वर्षं स्वीपचं व्याज त्यात दाखवलं होतं, मग एआयएसमध्ये बघितलं तर एफडीच्या रकान्यात पंधरा नोंदी. सुधारित रिटर्न भरलं गुपचूप.

आयकर_घाबरट
अरे देवा. मग आईचं?

नोंदवही
आई साठच्या वर असतील आणि जुन्या पद्धतीत असतील तर त्यांना ५० हजारापर्यंत दोन्ही व्याजांना वजावट आहे, बचत आणि एफडी. त्यांचं नावच आयकर_निर्धास्त ठेवा

दुबई_ते_दापोली
एनआरआय लोकांनी इकडे लक्ष द्या. माझ्या एनआरई खात्याला स्वीप लावलं होतं, दापोलीच्या घराचं काम निघालं म्हणून दहाव्या महिन्यात पैसे वापरले. व्याज शून्य. चूक माझीच, एनआरई ठेवीला एक वर्ष पूर्ण झाल्याशिवाय एक पैसाही व्याज मिळत नाही हा नियमच आहे. साध्या एनआरई सेव्हिंगला ठेवले असते तर निदान तेवढं तरी मिळालं असतं. तुमच्यासारखं सात दिवसांचं नाही आमचं, ३६५ दिवसांचं आहे.

मी_कल्याणकर
दापोलीत घर बांधताय? गवंडी कोण, आमचं मुरुडला अर्धवट पडलंय दोन वर्षं

दुबई_ते_दापोली
व्यनि करतो. पण आंब्याच्या सीझनमध्ये कुणी येत नाही हे आधीच सांगून ठेवतो

तीन_पानी_पत्र
मी सोन्याची भिशी करते महिन्याला ५ हजार, त्यात स्वीप असतं का? सराफ काही बोलला नाही

घाटावरची_मीनल
ताई सराफाकडे नाही हो बँकेत असतं हे

तीन_पानी_पत्र
असू दे मग. बांगड्या येणार आहेत दिवाळीला

डोंगरवाट
एक व्यवहारातली अडचण. आयपीओला अर्ज केला, खात्यात २० हजार आणि स्वीपमध्ये दीड लाख. ॲपवर एकूण शिल्लक १ लाख ७० दिसत होती पण अर्ज अपुऱ्या शिल्लकीने फेटाळला. रक्कम अडवून ठेवायची असते तेव्हा एफडी आपोआप मोडत नाही म्हणे, निदान आमच्या बँकेत तरी नाही. चेक आणि हप्त्याला मात्र कधी अडलं नाही. तेव्हापासून आदल्या दिवशी हाताने मोडतो.

कागदी_होडी
यूपीआयला चालतं का मग? मला एकदा किराणा दुकानात नाही चाललं, मागे पाच माणसं उभी

डोंगरवाट
मला चालतं. दुसऱ्या बँकेत भावाला चालत नाही. लावल्यावर खात्यातल्या शिल्लकीपेक्षा शंभर रुपये जास्त पाठवून बघायचे बायकोला, तेवढं कळतं.

घाटावरची_मीनल
बायकोला पाठवलेले परत येतात का पण

डोंगरवाट
ती पण स्वीप-आउटच आहे

पगार_पाच_तारखेला
लिक्विड फंड का नाही घेत कुणी, दंड नाही काही नाही

सुटी_नाणी
सात दिवसांच्या आत काढलं तर तिथेही थोडा एक्झिट लोड आहे. आणि फीचा चेक फंडावर निघत नाही. ज्याला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबणं जमतं त्याने घ्यावा, मला म्हाताऱ्याला खात्यात दिसले की झोप लागते.

एसटी_स्टँड
५ लाखाचा विमा स्वीपला वेगळा मिळतो का सेव्हिंगपेक्षा? कुणीतरी म्हणत होतं दोन्हीचे मिळून १० लाख

नोंदवही
एका बँकेत एका माणसाचे सगळे मिळून ५ लाख, व्याज धरून. सेव्हिंग, स्वीप, साधी एफडी सगळं एकाच टोपलीत.

खिडकी_क्रमांक_चार
आज जाऊन आलो. त्यांच्याकडे शेवटची आधी मोडते, हजाराच्या तुकड्यात, दंड अर्धा टक्का. लावलं. घरी येऊन आईला सांगितलं की आता कुठल्याही तारखेला काढले तरी चालतं. ती म्हणाली तरी पण २६ ला नको काढू.

एसटी_स्टँड
😄 सायकल कुठली होती?

खिडकी_क्रमांक_चार
लाल, २० इंची. अजून माळ्यावरच आहे, पासबुकांच्या मागे