निळ्या टिका झाल्या, पण वाचलं कुणी?

शहापूरचा दुकानदार
माझी अक्का चंदगडला दिलीय. शनिवारी संध्याकाळी तिने मेसेज टाकला, 'आईच्या औषधाचे आणि चष्म्याचे मिळून ४२०० झाले, अर्धे पाठव.' मी तो पाहिला मंगळवारी, तेही भाच्याने 'मामा, आई रागावलीय' म्हणून फोन केल्यावर. अक्का म्हणते, टिका शनिवारीच निळ्या झाल्या होत्या आणि मी रात्री साडेनऊपर्यंत ऑनलाइन होतो. देवाशपथ सांगतो, मी तेव्हा खानापूरहून बसने येत होतो. हे निळ्या टिकांचं आणि लास्ट सीनचं झेंगट बंद करून टाकावं काय?

वडगावची सून
करा बंद. मी दोन वर्षांमागे केलं आणि सुटले. भाकरी थापताना एका बोटाने मेसेज उघडायचा, हात पिठाचे, उत्तर राहून जायचं. जाऊबाईंच्या डोक्यात मात्र 'वाचून गप्प बसली.' आता टिका करड्याच राहतात. कोण कधी वाचतंय, कुणाला काय करायचंय?

निपाणीचा बंड्या
उगाच कारणं नकोत. टीक निळी झाली म्हणजे वाचलंच, त्यात दुसरं काय असतंय? आणि एकच टीक राहिली तर समजायचं ब्लॉक केलंय. माझ्या एका मित्राने असंच केलं, मी पण त्याला ब्लॉक करून टाकलं. दादा, तुम्ही वाचून विसरलासा. कबूल करा आणि पैसे पाठवा.

खडेबाजारचा मोबाईलवाला
बंड्या, निम्मं बरोबर आहे तुझं. निळी टीक म्हणजे तो मेसेज त्या खात्यात उघडला गेला. कुणी उघडला, ते टिकेला कळत नाही. आणि एक टीक म्हणजे मेसेज समोरच्यापर्यंत पोचला नाही, एवढंच. फोन बंद असेल, नेट नसेल, ब्लॉक केलं असेल, तिन्हीला सारखीच टीक दिसते. तुझा मित्र त्या दिवशी कदाचित चोर्ला घाटात असेल.

आता दुकानदारसाहेब, एक सांगा. दुकानातल्या कॉम्प्युटरवर तुमचं व्हॉट्सअ‍ॅप चालू असतं काय? आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या व्यापाऱ्यांचं असतंय, बिलाचे फोटो पाठवायला. असेल तर फोनमध्ये Linked devices उघडा. तिथे प्रत्येक जोडलेल्या कॉम्प्युटरपुढे तो शेवटचा कधी चालू होता ते लिहिलेलं असतं. आणि अक्काला सांगा, तो मेसेज दाबून धरून Info बघायला. कधी पोचला आणि कधी वाचला, दोन्ही वेळा दिसतील.

शहापूरचा दुकानदार
आहे की कॉम्प्युटर. पोऱ्या बसतो त्याच्यावर. भाच्याने Info चा फोटो पाठवला. वाचल्याची वेळ ७:५२. मी सव्वासातला खानापूर स्टँडवर बस धरली आणि आठ वाजून गेल्यावर बेळगावात उतरलो, तिकीट अजून खिशात आहे. फोन पिशवीत होता.

खडेबाजारचा मोबाईलवाला
मग झालं. पोऱ्या ऑर्डर शोधत एकेक चॅट उघडत गेला, त्यात अक्काचं चॅट उघडलं. तिकडे टिका निळ्या. पुढे दुकान बंद होईपर्यंत तो बिलं पाठवत राहिला, म्हणून तुम्ही ऑनलाइन दिसत राहिलात. ऑनलाइनचा अर्थ एवढाच की अ‍ॅप कुठेतरी समोर उघडं आहे. कुणाचं चॅट चाललंय ते त्यात येत नाही.

खरी गोम पुढे आहे. चॅट एकदा उघडलं की तुमच्या फोनवरचा न वाचलेल्याचा हिरवा आकडा पण जातो. म्हणजे तिकडे अक्काला 'वाचलं' अशी पावती मिळाली आणि त्याच क्षणी इकडे तुम्हाला आठवण देणारी खूणच पुसली गेली. वर आणखी चाळीस गिऱ्हाइकांचे मेसेज आले की ते चॅट तळाला. मंगळवारपर्यंत तुम्हाला दिसणार कुठून? घरात पोरं फोन घेऊन बसतात तिथे हेच होतंय.

नणंदेचा त्रास
माझंही सेम. मी हळदीकुंकवाचं स्टेटस ठेवलं, नणंदेने पाहिल्याचं दिसलं, पण एक अक्षर नाही. मुद्दाम करते ती.

वडगावची सून
ताई, ते स्टेटस वेगळं. इथे लास्ट सीनचं चाललंय. पण तुमच्या मनासारखं एक सांगते, Read receipts बंद केलं की स्टेटस कोणी पाहिलं तेही दिसायचं बंद होतं. नणंद गेली डोक्यातून!

कणकुंबीचा, सध्या पुण्यात
सगळे बंद करा म्हणताय, मी उलट सांगतो. आई गावी एकटी असते. सकाळी सहाचं लास्ट सीन दिसलं की कळतं, उठली, भजनाचे मेसेज पुढे ढकलून झाले. रोज फोन केला तर म्हणते, 'मी काय लहान हाय काय?' तिच्या फोनमधलं लास्ट सीन मी कधीच बंद करू देणार नाही. आणि मला तिचं बघायचं तर माझंही चालू ठेवावं लागतं, आपलं लपवलं की दुसऱ्याचं दिसत नाही.

हां, गेल्या पावसाळ्यात फजिती झाली. दीड दिवस लास्ट सीन हललंच नाही. रात्री अकराला शेजारच्या काकांना उठवून घरी पाठवलं. लाईट गेली होती, टॉवर बंद. आई झोपलेली. काका अजून त्या रात्रीवरून बोलतात.

निवृत्त मास्तर, येळ्ळूर
आमच्या वेळी पोस्टकार्ड टाकायचो. उत्तर आलं नाही तर पोस्टमनला दोन शिव्या घालून मोकळे. पत्र पोचलं नसेल, असं म्हणायला जागा होती. या टिकांनी ती जागाच काढून घेतली. दुकानदारसाहेब, बंद करा, पण आधी अक्काला सांगून करा. न सांगता केलंत तर तिच्याकडे यापुढे सगळं करडं दिसेल आणि ती म्हणेल, आता तर लपवायला लागला.

निपाणीचा बंड्या
मग फॅमिली ग्रुपात टाका म्हणावं मेसेज. तिथे सगळ्यांसमोर होतंय.

खडेबाजारचा मोबाईलवाला
ग्रुपात तर आणखी गंमत. तिथे टिका निळ्या व्हायला सगळ्यांनी वाचावं लागतं. एखादे आजोबा महिनाभर अ‍ॅपच उघडत नाहीत, त्यांच्यामुळे अख्खा ग्रुप करडा राहतो आणि टाकणाऱ्याला वाटतं कुणी विचारत नाही. उलट Read receipts बंद करूनही ग्रुपातलं लपत नाही. Info उघडलं की नावानिशी यादी येते. व्हॉईस मेसेजचंही तेच, ऐकला की समोरच्याला कळतं.

मास्तरांचं पटतंय, पण मी असतो तर टिका चालूच ठेवून कॉम्प्युटरवरचं खातं काढलं असतं. दुकानाला वेगळा नंबर घ्या.

वडगावची सून
वेगळा नंबर घेऊन काय होणार? घरी पोरं फोन घेतीलच की. मी तर म्हणते बंदच.

शहापूरचा दुकानदार
सगळ्यांना नमस्कार. २१०० पाठवले, अक्काला फोन लावला. बसचं तिकीट, ७:५२, पोऱ्या, सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, 'म्हणजे आईच्या दुखण्याचं, तुझ्या भावजींच्या कर्जाचं, मी तुला लिहिलेलं सगळं तो दुकानातला पोऱ्या वाचतोय की रे?'

आता यावर काय सांगू, ते सांगा.