पहाटेच्या धुक्यात चालायला जाताना कपडे आणि बूट कसे असावेत?

गंगापूररोडकर: वय ५२, नाशिक. पहाटे साडेपाचला गंगापूर रोडने चालायला निघतो. डिसेंबर-जानेवारीत नदीकडून धुकं चढतं, समोरचा माणूस जवळ आल्यावरच दिसतो. सध्या आत सुती बनियन, वर जाड काळं जॅकेट, कानटोपी आणि जुने स्पोर्ट्स शूज घालतो. पंधरा मिनिटांत घाम फुटतो, परतताना पाठ गार पडते. मुलगी म्हणते, काळं सोडा, पांढरं घाला. बुटांचंही सांगा.

बागाईतदार_निफाड: आमच्याकडे या दिवसांत द्राक्षं वाचवायला बागेत पहाटे शेकोट्या पेटवतो, त्यामुळे थंडी काय असते ते ठाऊक आहे. जाड जॅकेट अजिबात सोडू नका, थंडी छातीत बसली की महिनाभर खोकला. मुलीचं मात्र ऐका. पांढरं घातलं की लांबून दिसाल.

सह्यवाट: दादा, शेकोटीजवळ उभं राहणं वेगळं आणि भरभर चालणं वेगळं. चालताना अंग स्वतःच तापतं. घाम सुती बनियन पिऊन घेते आणि ओलीच राहते, म्हणून परतताना पाठ गार पडते. आत खेळाडू घालतात तसा पातळ पॉलिस्टरचा टी-शर्ट, त्यावर पूर्ण चेन असलेला हलका स्वेटर आणि वरून पातळ विंडचीटर. दारातून निघताना थोडी हुडहुडी भरली तर कपडे बरोबर आहेत असं समजा. घाम यायच्या आधी चेन उघडा, परतीला लावा.

पांढऱ्याचं मला पटत नाही. अंधाऱ्या रात्री पांढरं उपयोगी पडतं, पण धुकं स्वतःच हेडलाइटमध्ये पांढरं चमकतं आणि त्यात पांढरा कुडता विरघळून जातो. भडक पिवळं-नारिंगीसुद्धा उजाडल्यावरच कामाचं. अंधारात दिसते ती चमकपट्टी. ती छातीवर लावाच, पण घोट्यांवर नक्की बांधा. घोटे खालीवर हलतात, त्यामुळे गाडीवाल्याला हा खांब नाही, माणूस आहे हे लगेच कळतं.

बागाईतदार_निफाड: पट्टी गाडीचा दिवा पडला तरच चमकणार ना? आमच्या रस्त्यावर दूधवाले बिनदिव्याच्या सायकलीवर येतात.

सह्यवाट: हे अगदी बरोबर. २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा दिवा आपोआप चालू राहतो, पण जुन्या गाड्या आणि सायकली आहेतच. शिवाय दाट धुक्यात पट्टीची चमकही लांबवर पोचत नाही. म्हणून कमरेला मागे सायकलचा लाल लुकलुकता दिवा लावा आणि हातात छोटी टॉर्च ठेवा. टॉर्च पायाशी धरा, समोर मारली तर धुक्याची भिंतच उजळते. फुटपाथ नसेल तिथे उजव्या बाजूने चाला, म्हणजे येणारी गाडी समोरून दिसते.

सुमनमावशी: मी गोल्फ क्लबच्या मैदानावर जाते. एवढ्या बुटांचं कशाला? दवाच्या गवतावर अनवाणी चालावं, डोळ्यांना चांगलं असं म्हणतात. मला मधुमेह आहे तरी वर्षानुवर्षं चालते.

सह्यवाट: मावशी, मधुमेहातच हे टाळायला हवं. तळपायाची जाणीव कमी झालेली असली तर काच रुतलेली कळत नाही आणि जखम चिघळल्यावरच लक्षात येते. थंडीत पाय आणखी बधिर होतात. बूट घालण्याआधीही आत हात फिरवून बघा, एखादा खडा असतो.

सुमनमावशी: डोळ्यांचं माझ्या आईने सांगितलंय, ते मी सोडणार नाही. पण बाहेर रस्त्यावर बूट घालेन.

गंगापूररोडकर: आणि माझे जुने बूट? वरून तर चांगले दिसतात.

सह्यवाट: वरून बघू नका. टेबलावर ठेवून मागून बघा. टाच एका बाजूला कलली असेल तर आतला फोम बसलाय. मग पालथे करून टाचेची बाहेरची कड बघा, तिथली नक्षी आधी गुळगुळीत होते. दवाने ओल्या झालेल्या टाइल्सवर आणि झेब्रा क्रॉसिंगच्या रंगावर नेमकी तीच टाच घसरते. नवे घ्यायला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजतात. हिवाळ्यातले जाड मोजे घालूनच मापा आणि पुढे अंगठ्याएवढी जागा सोडा. जाळीचा बूट गवतात भिजतो. भिजला तर आत वर्तमानपत्राचे बोळे घालून पंख्याखाली ठेवा, शेगडीजवळ नको, चिकटवलेला सोल सुटतो.

बागाईतदार_निफाड: जॅकेटचं मानलं. पण कानटोपी काढायला सांगू नका.

सह्यवाट: कान झाका, पण पातळ पट्टीने. धुक्यात डोळ्यांपेक्षा कानच आधी गाडी ओळखतात, आणि जाड लोकरीत मागून येणारी दुचाकी ऐकू येत नाही.

बागाईतदार_निफाड: पट्टीने कपाळ उघडं राहतं आणि माझं डोकं धरतं. मी टोपीच घालणार, हवं तर एक कान उघडा ठेवीन.

गंगापूररोडकर: चमकपट्ट्या आणि लाल दिवा आजच सायकलच्या दुकानातून आणतो. टोपीचं अजून ठरत नाहीये. दम्याचा थोडा त्रास आहे, म्हणून नाकावर मफलर घेतो. तो चालेल का?

सह्यवाट: सुती, सैल मफलर चालेल, श्वासाची हवा थोडी उबदार होते. ओला झाला की बदला. छातीत घरघर वाटली तर त्या दिवशी घरातच चाला. धुकं ओसरल्यावर निघायचं की नाही हे डॉक्टरांना विचारा, मी सांगू शकत नाही.