मदत हवी आहे: झिर्कोनियातील इट्रियाची कोणती दोष-अभिक्रिया खरी, हे कसे ठरवावे?

नमस्कार. झिर्कोनियात 8 मोल टक्के इट्रिया मिसळल्यावर होणारी दोष-अभिक्रिया मी क्रोगर-विंक पद्धतीने अशी लिहिली आहे:

```
Y2O3 → 2 Y'(Zr) + V••(O) + 3 O×(O)
```

येथे झिर्कोनियमच्या 2 आणि ऑक्सिजनच्या 4 जागा होतात, म्हणजे 1:2 हे प्रमाण टिकते. दोन ऋण प्रभारांना रिक्त जागेचे दोन धन प्रभार संतुलित करतात. अडचण अशी की पुढील अभिक्रियाही अणू, जागा आणि प्रभार या तिन्ही कसोट्यांवर बिनचूक उतरते:

```
2 Y2O3 → 3 Y'(Zr) + Y•••(i) + 6 O×(O)
```

इट्रियमचा आयन झिर्कोनियमपेक्षा मोठा असल्याने तो जागांच्या मधल्या पोकळीत शिरेल हे मला पटत नाही, पण केवळ पटण्यावर उत्तर सोडायचे नाही. म्हणून घनता काढली. घनीय एकक पेशीची बाजू सुमारे 5.14 Å धरली, तर पहिल्या अभिक्रियेनुसार (ऑक्सिजनच्या 216 पैकी 8 जागा रिक्त) घनता सुमारे 5.95 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर येते आणि दुसरीनुसार सुमारे 6.18.

फरक जेमतेम 4 टक्क्यांचा आहे, आणि भाजलेल्या गोळीत तेवढी सच्छिद्रता सहज राहते. तेव्हा आर्किमिडीज पद्धतीने 5.9 मिळाले, तरी ते रिक्त जागांमुळे की बंद छिद्रांमुळे, हे कसे ओळखावे? गोळी बारीक दळून हेलियम पिक्नोमीटरने मोजल्यास पुरेसे होईल, की ऑक्सिजन-वहनाचे मोजमापही जोडावे? कृपया अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे.