ग्राहकाचा अभिप्राय छोटा करताना कात्री कुठे थांबवायची?

शब्दांकन
आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरच्या एका ग्राहकाने फोनवर बोलून अभिप्राय दिला, तो असा: "सुरुवातीचे दोन महिने खरं सांगायचं तर वैताग आला, जुना डेटा नीट येईना, सपोर्टला सारखे फोन. पण एकदा बसल्यावर म्हणजे जिथे बिलं करायला अख्खा दिवस जायचा ना, अख्खा दिवस, ते आता बहुतेक महिन्यांत दोन-तीन तासांत होतं. रिपोर्ट अजून कमी पडतात. पण आमच्यासारख्या छोट्या टीमला पुरतं." वेबसाइटवर दोन ओळींचीच जागा आहे. मी केलं: "बिलं करायला जिथे अख्खा दिवस जायचा, ते आता दोन तासांत होतं. छोट्या टीमसाठी परफेक्ट!" यात काही चुकतंय का?

खडूफळा
हो, आणि कापलंय त्यापेक्षा बदललंय त्यात जास्त चुकतंय. "अख्खा दिवस" दोनदा होतं ते एकदा केलं, "म्हणजे", "ना" काढले, ते बिनधास्त काढा, बोलताना सगळेच असं बोलतात आणि तसंच्या तसं छापलं तर माणूस उगाच अडाणी वाटतो. पण "बहुतेक महिन्यांत" गेलं, "दोन-तीन"चे "दोन" झाले आणि "पुरतं"चं "परफेक्ट" झालं. तिन्ही बदल तुमच्याच फायद्याचे आहेत बघा. नुसती लांबी कमी करायची असती तर एखादा तरी बदल उलट्या बाजूला गेला असता. आणि "पुरतं" म्हणणाऱ्या माणसाने मुद्दाम मोजून मापून शब्द वापरलाय, त्याच्या तोंडी "परफेक्ट" घालून वर अवतरणचिन्ह लावणं म्हणजे तो जे बोललाच नाही ते छापणं.

सरळहिशोब
अहो इतकं काय, जाहिरात आहे, साक्ष नाही कोर्टातली. ग्राहकाला मेल टाकायचा, "असं छापतोय, चालेल ना?" तो हो म्हणाला की विषय संपला. त्याचे शब्द, त्याची परवानगी.

खडूफळा
परवानगी हवीच, त्यात वाद नाही. पण तिने अर्धंच काम होतं. ग्राहक घाईत असतो, तुमच्याशी संबंध चांगले असतात, तो हो म्हणून मोकळा होतो. वाचणाऱ्याला कुणी विचारलं? अमेरिकेत एफटीसी या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या जाहिरातविषयक मार्गदर्शक तत्त्वांत हे सरळ लिहिलंय, शब्द जसेच्या तसे असलेच पाहिजेत असं नाही (तुम्हीच तसा दावा केला नसेल तर), पण संदर्भ तोडून किंवा शब्द बदलून माणसाच्या मताचा, अनुभवाचा विपर्यास करता येत नाही. मेल पाठवायचाच तर मूळ बोलणं वर आणि कापलेलं खाली असं दोन्ही पाठवा, म्हणजे काय गेलं ते त्याला दिसेल.

नको_ते_तारे
मला तर हे खोटे रिव्ह्यूच बंद व्हायला हवेत असं वाटतं, पैसे देऊन पाच तारे लिहून घेतात.

शब्दांकन
तो वेगळा प्रकार झाला, इथे माणूस खरा आहे आणि बोललाय पण खरंच.

दुपारचीशिफ्ट
मी दुसऱ्या बाजूची. एका कंपनीच्या ट्रेनिंगबद्दल मी लिहिलं होतं की "ज्यांना आधी थोडं येतं त्यांच्यासाठी उत्तम", त्यांनी पहिला अर्धा भाग उडवून नुसतं "उत्तम" ठेवलं. माझं नाव वाचून माझ्याच ऑफिसातल्या एका नवख्या मुलीने तो कोर्स घेतला आणि तिला त्यातलं काही कळेना, ती माझ्याकडे आली, कंपनीकडे नाही. एकही शब्द बदलला नव्हता हो, फक्त काढला होता.

सरळहिशोब
हे पटलं. अट काढायला नको. पण म्हणून दोन महिन्यांचा वैतागही छापायचा? कुठलीच कंपनी असं करणार नाही आणि जागा दोनच ओळी आहे.

खडूफळा
सगळं मावत नाही हे मान्य, रिपोर्टचं वाक्य मी पण कदाचित काढेन कारण ते बिलांच्या वेळेबद्दल नाहीच. वैताग मात्र वेळेशी जोडलेला आहे, "एकदा बसल्यावर" या शब्दांवरच सगळा फायदा उभा आहे. मी असं करेन: "बसायला दोन महिने गेले, पण जिथे बिलं करायला अख्खा दिवस जायचा, ते आता बहुतेक महिन्यांत दोन-तीन तासांत होतं. … आमच्यासारख्या छोट्या टीमला पुरतं." तरी हे त्याला दाखवाच, कारण पहिले चार शब्द मी जोडलेत. आणि हे काही न माहीत असलेल्या माणसाला वाचायला देऊन विचारा, पहिल्या महिन्यात काय होईल असं वाटतं? "लगेच दोन तास" असं उत्तर आलं तर कात्री जास्त चालली.

सरळहिशोब
रिपोर्टचं काढलेलं चालतं आणि वैतागाचं नाही, ही रेघ तुम्ही तुमच्या सोयीने ओढताय असं मला अजून वाटतं. रिपोर्टसाठीच घेणारा एखादा असेलच की.

दुपारचीशिफ्ट
मग दोन ओळींखाली पूर्ण अभिप्रायाची लिंक द्या ना, ज्याला रिपोर्ट हवेत तो वाचेल.

शब्दांकन
लिंकचं डिझाइनवाल्यांना विचारते. "परफेक्ट" आत्ताच काढलं, आणि मूळ बोलण्यासकट दोन्ही पाठवलंय ग्राहकाला. रिपोर्टचं त्यांनाच ठरवू दे म्हटलं, ते ठेवा म्हणाले तर तीन ओळी करायला लावेन.